तोरं मुरतात तेव्हा

गोव्यात कोवळ्या कैरीला तोर म्हणतात. आत कोय धरायच्या आधीची ही कैरी. लिंबापेक्षा थोडी मोठी, आणि आडवी कापली तर मधली बीसुद्धा सुरीला अडत नाही. शिमगा सरला की म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, डिचोलीला, फोंड्याला तोरांचे वाटे मांडलेले दिसू लागतात आणि थोड्याच दिवसांत दिसेनासे होतात, कारण तोवर झाडावरच्या कैऱ्यांनी कोय धरलेली असते. ही तोरं जाड्या मिठात घालायची, वर दगड ठेवायचा आणि चेपायची. चेपलेली म्हणून चेपणीची तोरं. पुढे पाऊस लागतो, जून-जुलैत ट्रॉलर बंदरात बांधलेले असतात, मासळी महाग होते, भाजीही यथातथाच मिळते. अशा दिवसांत सकाळी अकराच्या पेजेबरोबर ताटाच्या कडेला हे सुरकुतलेलं, शेवाळी रंगाचं तोर असलं की दुसऱ्या कशाची आठवण येत नाही.

पावसाळ्याआधी घरात भरून ठेवायच्या या सगळ्या बेगमीला आमच्याकडे पुरुमेंत म्हणतात. शब्द पोर्तुगिजांकडून आला आणि हिंदू-ख्रिस्ती दोन्ही घरांच्या कोठीच्या खोलीत राहिला. सुके बांगडे, सोलं, चिंचेचे गोळे, मिरच्या, आणि कोपऱ्यात तोरांची बरणी. त्या बरणीत जे काही घडतं त्याला मराठीत एकच क्रियापद आहे: मुरणं.

तीस-बत्तीस वर्षं उच्च माध्यमिकच्या पोरांना रसायनशास्त्र शिकवताना मी या क्रियापदाकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. वर्गात ऑस्मॉसिस शिकवायचो, घरी लोणचं खायचो. दोन्ही आपापल्या जागी. परवा ईस्टरच्या सुटीत काकूचा नातू आला, तेव्हा दोन्ही एकाच पाटावर येऊन बसले.

काकूचं घर डिचोली तालुक्यात, सड्याच्या पायथ्याशी. तिची लेक आणि जावई इंग्लंडात स्विंडनला असतात. गोव्यातली कितीतरी घरं आता तिथे आहेत, त्यातलं हे एक. नातू अकरा वर्षांचा. मराठी कळतं, बोलायला लागलं की मधेच इंग्रजीवर घसरतो. शाळेनं सुटीत रोजनिशी लिहायला सांगितली होती, म्हणून तो वही घेऊन काकूच्या मागे-मागे हिंडत होता. त्या दिवशी काकू मागच्या पडवीत तोरं घालायला बसली होती.

पाच किलो तोरं होती, देठासकट हातानं उतरवलेली. वाऱ्यानं पडलेली काकू घेत नाही, फुकट मिळाली तरी. आदल्या रात्री ती धुऊन, देठ मोडून, चीक गळून जावा म्हणून देठाची बाजू खाली करून सुपात ठेवली होती. सकाळी एकेक तोर फडक्यानं कोरडं पुसलं. मग चिनी मातीच्या बरणीत तळाला मिठाचा थर, वर तोरांचा थर, पुन्हा मीठ. मीठ मिठागरातलं, जाडं, किंचित करडं, हाताला ओलसर लागणारं. पाच किलोंना एक किलो. काकू तराजू वापरत नाही, पण मी नंतर मोजून पाहिलं तर तिचं माप एका मुठीपलीकडे चुकलं नव्हतं. सर्वांत वर एक उपडी बशी आणि बशीवर जुन्या पाट्याचा वरवंटा, उकळत्या पाण्यानं धुऊन उन्हात वाळवलेला.

बरणीच्या तोंडाला फडकं बांधून काकू उठली आणि म्हणाली, ‘‘झालं. आता मुरू देत.’’

‘‘मुरू देत म्हणजे?’’

‘‘मुरू देत म्हणजे मुरू देत, पुता.’’

पोरानं वही माझ्याकडे वळवली. ‘‘मामा, मुरणं हॅज टू बी समथिंग. काय लिहू?’’

मी पहिल्यांदा तोंडाला आला तो शब्द दिला, मॅरिनेट. त्यानं लिहिला, मग मान हलवली. त्याच्या घरी त्याचे बाबा शनिवारी चिकन मॅरिनेट करतात, त्याला ठाऊक आहे. ‘‘दॅट्स जस्ट ओव्हरनाइट. आणि आज्जीनं तर मसाला लावलाच नाही.’’ बरोबर होतं. मॅरिनेटमध्ये बाहेरचा वास आणि चव वरच्या थरात शिरते आणि तिथेच थांबते. रात्रभर दह्यात ठेवलेल्या मांसाच्या तुकड्याच्या मधोमध दही पोचत नाही. आपणही मसाला लावून ठेवलेल्या माशाला ‘थोडा वेळ मुरू दे’ म्हणतो, पण ते मुरण्याचं अगदी पहिलं पाऊल झालं.

मग सोक. भिजणं. पण बरणीत पाणी कुठे होतं? कोरडी तोरं आणि कोरडं मीठ. पोर बरणीकडे बघत म्हणालं, सोक कशात होणार? स्टीप म्हणजे चहाची पत्ती पाण्यात ठेवणं, आणि त्यात पत्तीचा गुण पाण्यात उतरतो, पत्ती फेकून देतात. आपण तोर फेकत नाही. पिकल म्हणजे लोणचं घालणं, ते काकूनं केलं. मुरणं त्यानंतर सुरू झालं.

‘‘फर्मेंट?’’ त्यानंच विचारलं. शाळेत यीस्टचा धडा झाला होता.

इथे मी सावरून बसलो, कारण हा शब्द जवळ जातो आणि तरी चुकतो. कोवळ्या कैरीत वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. म्हणजे पाच किलो तोरांत सव्वाचार लिटर. त्यात एक किलो मीठ शेवटी पूर्ण विरघळलं, तर मिठवणी साधारण १९ टक्के तीव्रतेची होते. काकडी किंवा कोबी आंबवतात तेव्हा मीठ २ ते ८ टक्क्यांच्या मधे ठेवतात, कारण आंबवणारे जिवाणू तेवढ्यातच खुशाल वाढतात. एकोणीस टक्क्यांत त्यांचं जवळपास काही चालत नाही. म्हणजे इडलीचं पीठ आंबतं, दूध विरजतं, ताडी फसफसते, पण चेपणीची तोरं आंबत नाहीत. त्यांची आंबट चव त्यांची स्वतःची, झाडावरून आणलेली. बरणीत कुणी जिवंत कामकरी नाही. फक्त मीठ, पाणी, वजन आणि दिवस.

पोराला हे आवडलं. ‘नोबडी इज डूइंग इट’ असं त्यानं लिहिलं. मला वाटतं, त्या वहीतलं हे सर्वांत नेमकं वाक्य.

कारण इंग्रजीतली ही सगळी क्रियापदं कुणीतरी करायची आहेत. मॅरिनेट मी करतो, क्युअर मी करतो, सोक मी करतो. मुरणं कुणी करत नाही, ते होतं. मराठीत ‘मुरवणं’ आहे, नाही असं नाही, पण स्वयंपाकघरात ते क्वचितच ऐकू येतं. ‘मी लोणचं मुरवलं’ असं काकू कधी म्हणणार नाही. ती म्हणेल, ‘मुरत घातलंय’, ‘मुरत ठेवलंय’, ‘अजून मुरलं नाही’. माणसाच्या वाट्याला घालणं आणि ठेवणं एवढंच येतं. राहिला मॅच्युअर. त्यात कुणी करणारा नाही, वेळही आहे, पण एक गोष्ट दुसरीच्या आत शिरणं त्यात नाही. आंबा आढीत मॅच्युअर होईल, पण तो मुरणार नाही. तो पिकेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी वरवंटा उचलून पाहिलं तर बशी दोन बोटं खाली गेली होती आणि कडेनं पाणी वर आलं होतं. तिसऱ्या दिवशी तोरं पाण्याखाली. थेंबभर पाणी न घातलेल्या बरणीत एवढं पाणी कुठून आलं, हे पोराला जादूच वाटली. ऑस्मॉसिस शब्द त्याला माहीत होता, पण शब्द माहीत असणं आणि वरवंट्याभोवती पाणी चढलेलं बघणं यात फरक आहे. मी एक तोर बाहेर काढून त्याच्या हातावर ठेवलं. आक्रसलेलं, कातडीला बारीक सुरकुत्या, बोटानं दाबलं तर लवचीक. ‘‘इट्स गॉट स्मॉलर. मग मीठ आत कसं गेलं? पाणी तर बाहेर आलं.’’

प्रश्न इतका बरोबर होता की वर्गात कुणी विचारला असता तर मी त्याला त्या दिवशी पुढच्या बाकावर बसवलं असतं.

पहिले काही दिवस खरोखरच मीठ आत फारसं जात नाही. कैरीच्या पेशी जिवंत असतात, त्यांची पापुद्र्याएवढी आवरणं शाबूत असतात, आणि ती पाण्याला वाट देतात, मिठाला देत नाहीत. बाहेर खारट, आत गोडं, म्हणून पाणी बाहेरच्या बाजूला ओढलं जातं. तोर आक्रसतं. ही पहिली अवस्था. मग पाणी गमावून-गमावून पेशी मरतात, आवरणांची राखण संपते, आणि मीठ आत जाऊ लागतं. सालीकडून बीकडे, हळूहळू. त्याच वेळी हिरवा रंग जातो. पेशी शाबूत असताना कैरीचं आम्ल एका कप्प्यात आणि हिरवा रंग दुसऱ्या कप्प्यात असतो. कप्पे फुटले की आम्ल हिरव्या रंगातलं मॅग्नेशियम काढून घेतं आणि रंग शेवाळी होतो. म्हणजे रंग बदलला तिथवर कप्पे फुटले, आणि कप्पे फुटले तिथवर मिठाला वाट मोकळी झाली, असं डोळ्यांनी वाचता येतं.

म्हणून काकूची परीक्षा साधी आहे. ती तोर आडवं कापते. साधारण आठवड्यानं कापलं तेव्हा कडेला शेवाळी पट्टा होता आणि बीभोवती अजून पांढरट-हिरवं कडं. ‘‘अर्धं मुरलं,’’ ती म्हणाली. पोरानं दोन्ही भाग चाखले. बाहेरचा झणझणीत खारट, आतला कच्चा आंबट. दोन वेगळ्या चवी, एकाच चकतीत. पोर परत गेल्यावर काही दिवसांनी काकूनं पुन्हा एक कापलं, तेव्हा सालीपासून बीपर्यंत एकच रंग होता, आणि खारट कुठे संपतं नि आंबट कुठे सुरू होतं ते जिभेला सांगता येईना. ते मुरलं.

हा वेळ कमी करता येत नाही का? येतो थोडा. तोरांना टोचे मारले तर पाणी लवकर सुटतं. पण मग ती गिळगिळीत होतात, आणि मुरलेली पण कुरकुरीत राहिलेली तोरं हीच तर खरी गोष्ट. पडलेली कैरी काकू घेत नाही तेही यासाठीच. मार बसलेल्या जागी आतल्या पेशी आधीच फुटलेल्या असतात, तिथे कैरीचीच पाचकं गर मऊ करून टाकतात, आणि मग मीठ कितीही घाला, तो भाग बोटानं दाबला की आत जातो. उलट कोय धरलेली जून कैरी घेतली तर मीठ कोयीपाशी अडतं आणि गर चामट लागतो. जाडं मीठ हवं ते दोन कारणांनी. बारीक मीठ तळाशी जाऊन बसतं आणि वरच्या थराला काही उरत नाही. शिवाय मिठागरातल्या मिठात थोडं कॅल्शियम असतं, ते कैरीतल्या पेक्टिनला धरून ठेवतं आणि साल कडक राहते. हे मीठ पावसाळ्यात पाझरतं म्हणून कटकट करणारेही आहेत. पाझरतं ते त्यातल्या मॅग्नेशियममुळे. चवीलाही ते किंचित कडवट असतं, पण तोरांत ते कळून येत नाही.

आणि वरवंटा. तो पाणी पिळून काढण्यासाठी आहे असं पोराला वाटलं होतं, बहुतेकांना वाटतं. थोडंफार पिळतोही. पण त्याचं मोठं काम म्हणजे तोरांना पाण्याखाली दाबून ठेवणं. एखादं तोर वर डोकावलं तर हवेच्या संगतीत त्यावर पांढरी साय धरते, मग मऊ डाग पडतो आणि तो डाग खाली उतरतो. साय नुसती पातळ असली, वास आंबट-खारटच असला, तर ती काढून टाकून, वरची एक-दोन तोरं फेकून, मूठभर मीठ भुरभुरलं की बरणी वाचते. साय रंगीत, केसाळ असली किंवा कुबट वास आला तर वाद घालू नये, बरणी रिकामी करावी. ओल्या पळीनं तोर काढणाऱ्या माणसाला काकूच्या घरात पुन्हा बरणीपाशी फिरकू देत नाहीत.

एवढं झाल्यावर मी पोराला म्हटलं, मुरणं समजायचं तर जिरणं समजून घे. हे माझ्या मनात आधीपासून नव्हतं. त्याला समजावताना तोंडून गेलं, आणि मग मलाच ते पुढे-पुढे न्यावंसं वाटलं.

काकूनं अंगणात बादलीभर पाणी ओतलं तर ते जिरतं. भात खाल्ला की जिरतो. गर्व जिरतो, मस्ती जिरते, ‘त्याची चांगली जिरली’ म्हणताना आपल्याला जो आनंद होतो तो याच क्रियापदाचा. जिरणं म्हणजे गेलं, संपलं, आता ते शोधायला जाऊ नका. इंग्रजीतलं ॲब्झॉर्ब इथपर्यंत येतं. मुरणंसुद्धा आत जाणंच आहे, पण जे मुरतं ते संपत नाही. ते आत राहतं, ज्याच्या आत गेलं त्याला बदलतं, आणि केव्हातरी, कुठूनतरी बाहेर दिसतं. बोलताना दोन्ही क्रियापदं एकमेकांच्या अंगणात शिरतात, हे खरं. जलसंधारणवाले ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ म्हणतात आणि त्यांना हवं असतं ते मुरलेलं पाणी.

गोव्यात तर हा फरक डोळ्यांसमोर असतो. इथे वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. काकूच्या घरामागचा सडा म्हणजे जांभा दगडाचं उघडं पठार, मे महिन्यात तव्यासारखं तापणारं, वर गवताची काडी नाही. पण जांभा सच्छिद्र असतो. त्यात भोकं, नळ्या, भेगा आहेत. पहिल्या पावसाचं पाणी त्यात उतरतं, खाली चिकण मातीच्या थराशी अडतं, आणि त्या थरावरून आडवं सरकत सड्याच्या पायथ्याशी येतं. म्हणून वर पाण्याचा टिपूस नसताना खाली झरी वाहत असतात. काकूच्या विहिरीला एप्रिलमध्ये जे पाणी असतं ते आदल्या पावसात वर पडलेलं. ते जिरलं असतं तर विहीर कोरडी असती. सड्यावर काँक्रीट झालं, चिरेखाणीनं वरचा जांभा काढून नेला की पावसाचं पाणी व्हाळातून तडक नदीला जातं आणि पायथ्याच्या विहिरी मार्चमध्येच तळ दाखवतात. मुरायला जागाच उरली नाही, असं लोक म्हणतात, आणि भूजलाच्या अहवालाला याहून जास्त काही म्हणायचं नसतं.

‘कुठेतरी पाणी मुरतंय’ हा वाक्प्रचार मला चिऱ्याच्या घरात राहिल्याशिवाय पुरता कळला नसता. भिंतीला ओल येते ती जिथून पाणी शिरतं तिथे येत नाही. कौल फुटलेलं असतं माजघरावर आणि फुगा धरतो देवघराच्या भिंतीला. गवंडी येतो, ओल बघतो, आणि ओल सोडून भलतीकडेच वर बघायला लागतो. मराठी माणसाला ग्रामसभेत हिशेब ऐकताना संशय येतो तेव्हा तो हेच म्हणतो. पैसे गेले असं तो म्हणत नाही, मुरले म्हणतो. म्हणजे आत आहेत, कुणाच्यातरी आत आहेत, आणि कुठल्यातरी भिंतीला ओल येणार आहे. इंग्रजीत अशा वेळी माशाचा वास येतो. गोव्यात ते चालणार नाही, इथे माशाच्या वासाचा कुणाला संशय येत नाही.

पोराला ही ओल फार आवडली. घरभर हिंडून त्यानं तीन ठिकाणचे पोपडे दाखवले आणि ‘आज्जी, पाणी मुरतंय’ असं ओरडून काकूला घाबरवलं.

आजारातही हा शब्द येतो आणि तिथे तो वाईट. सर्दी छातीत मुरली, ताप अंगात मुरला. वर दिसत नाही, आत आहे. माणसाच्या बाबतीत मात्र तो कौतुकाचा की टोमण्याचा हे सुरावरून ठरतं. आमच्याकडे देवळाच्या जत्रेला गावातलीच माणसं मराठी नाटक करतात. एकच माणूस वर्षानुवर्षं तीच भूमिका करत आला की म्हणतात, त्याच्यात ती मुरलीय. पाठ झालीय असं नाही म्हणत. पाठ झालेली भूमिका प्रॉम्प्टर चुकला की लटकते. मुरलेला माणूस तिथेच उभा राहून दुसरं वाक्य बोलतो आणि ते त्या पात्राचंच असतं. भजनातला मुरलेला पखवाजवाला असाच. तेच विशेषण राजकारण्याला लावलं की ऐकणारा हसतो. मुरलेला राजकारणी. त्याच्यात काय मुरलंय आणि त्याच्याकडे काय-काय मुरलंय, दोन्ही एकाच शब्दात.

पोरानं शेवटी वहीत काय लिहिलं ते मला ठाऊक नाही, मी विचारलंही नाही. त्याच्या आईचा मात्र फोन आला. स्विंडनला तोरं मिळत नाहीत, मिळते ती लांबून आलेली जून कैरी, तिचं काय करू? मी म्हटलं, फोडी कर, कोय काढून टाक, मीठ तेवढंच, पाचाला एक. फोडींना कापलेल्या बाजूनं साल नसते, त्यामुळे पाणी लगेच सुटेल आणि मीठही लवकर आत जाईल. पण तिकडच्या थंडीत सगळंच सावकाश चालतं, म्हणून दिवस धरून बसू नको, फोड कापून रंग बघ. वरवंटा नसेल तर पाण्यानं भरलेली काचेची बाटली ठेव. कुरकुरीत होणार नाही, पण मुरेल. आणि बरणीतलं पाणी फेकू नको, डाळीत चमचाभर घाल. त्या दिवशी डाळीत मीठ आणि आमसूल घालायचं नाही, एवढं लक्षात ठेव.

आता राहता राहिला मुरंबा. पोरानं जाताना विमानतळाच्या वाटेवर विचारलं होतं की मुरंबा म्हणजे मुरलेला आंबा का. बहुतेक मराठी माणसांना असंच वाटतं, इतकं ते चपखल बसतं. पण मुरंबा आला अरबी ‘मुरब्बा’वरून, फारसीमार्गे. तिथे त्या शब्दाचा अर्थ पोसलेला, सांभाळून वाढवलेला. त्याच धातूचं दुसरं रूप ‘मुरब्बी’, म्हणजे पोसणारा, पाठीराखा. मराठीत आल्यावर मात्र मुरब्बी राजकारणी म्हणजे कसलेला, अनुभवी. पाठीराख्याचा कसलेला कसा झाला? माझा अंदाज असा की शेजारी ‘मुरलेला’ बसला होता, त्याच्या संगतीनं झाला. परक्या घरचा शब्द आमच्या शब्दाशेजारी राहून-राहून त्याच्या चवीचा झाला.

हे मी काकूला सविस्तर सांगितलं. तिला पटलं नाही. मुरंबा मुरतो म्हणून मुरंबा, ती म्हणाली, अरबांनी आपल्याकडूनच नेला असेल, आणि तू शिक्षक ना, मग बरणीचं फडकं नीट बांधता येत नाही का तुला?